मक्याच्या ढिगात एकाच कोपऱ्यात गरम लागतंय, काय समजायचं?

रानातली_वैशाली (१२ डिसेंबर, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. आम्ही येवला तालुक्यातले. यंदा मळणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. भाव वाढेल म्हणून शंभर क्विंटल मका विकला नाही, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मोकळाच ओतून ठेवलाय. खोली बारा बाय बारा फूट. ढीग साडेतीन फूट, माझ्या कमरेच्या जरा वर. खाली ताडपत्री आहे. मळणीच्या दिवशी व्यापाऱ्याकडच्या मीटरवर मॉइश्चर १३.५ आलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

काल सासूबाई कोंबड्यांसाठी मका काढायला गेल्या आणि म्हणाल्या, मागच्या भिंतीकडे आत ऊब लागते. मी कोपरापर्यंत हात घातला. पहाटे बाहेर दहा अंशांची थंडी, वरचा मका हाताला गार, आणि आत ताज्या भाकरीच्या टोपल्यात हात घातल्यासारखं. वास अजून तरी नाही. किडाही दिसला नाही.

मिस्टर म्हणतात मळणीची गरमी असेल, निघून जाईल, उगाच उकरू नको. मला झोप लागत नाहीये. शंभर क्विंटल म्हणजे आमचं अर्धं वर्ष आहे. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी सांगा.

निफाडचा_बाळासाहेब (९:३२)

ताई, १३.५ मॉइश्चर असेल तर काळजी करू नका. चौदाच्या आत मका तापतच नाही. आमच्याकडे निफाडला पहाटे पारा सात-आठवर येतोय, अशा थंडीत काही बिघडत नाही. मिस्टर बरोबर बोलतायत.

कांदेवाला_चांदवड (९:४१)

चाळीत गरम लागलं की समजायचं खाली सडका कांदा आहे. तेवढा भाग लगेच निवडून काढा, नाहीतर शेजारचे पण जातात. आणि चाळीच्या तळाला हवा लागली पाहिजे, तळ दीड-दोन फूट उचललेला हवा.

रानातली_वैशाली (९:४४)

दादा, कांदा नाही, मका आहे. पण "शेजारचे पण जातात" वाचून पोटात गोळा आला.

जुना_गोदामवाला (१०:२०)

मुली, मी मनमाडला सरकारी धान्य गोदामात सव्वीस वर्षं काढली. तिथे पोत्यांच्या थप्प्या असतात, मोकळा ढीग नाही, पण धान्य तेच आणि त्याची खोडही तीच.

आधी मिस्टरांचं म्हणणं बघू, कारण ते चूक नाही, अर्धं आहे. धान्य उष्णता फार सावकाश सोडतं. नोव्हेंबरात अठ्ठावीस-तीस अंशांवर भरलेला मका डिसेंबरात कडेने गार पडतो, पण मध्यभाग महिना महिना कोमट राहतो. त्यामुळे आत ऊब आहे एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. दोन गोष्टी बघायच्या. ऊब कुठे आहे, आणि ती चढतेय की उतरतेय. मळणीची गरमी ढिगाच्या मध्यात असते आणि आठवड्यागणिक उतरत जाते. बिघाडाची गरमी एका कुशीत असते आणि चढत जाते. तू भिंतीकडची म्हणतेस. भिंतीकडचा मका सगळ्यात आधी गार व्हायला हवा होता. म्हणून मला ते आवडलं नाही.

आता हाताने बघणं बंद कर. गार हाताला वीस अंशही गरम लागतात. वायरिंगचा पीव्हीसी पाइप घे, चार-पाच फुटी. खालचं टोक तिरकं कापून बंद कर. फ्रिजला किंवा माशांच्या टाकीला लावतात तो वायरवाला छोटा थर्मामीटर मिळतो, त्याची वायर आत शेवटपर्यंत सोड, पाइपचं तोंड कापडाने बंद कर म्हणजे आत हवा खेळणार नाही. पाइप दीड-दोन फूट खोल घाल आणि वीस मिनिटं थांब. चार कोपरे भिंतीपासून दीड फूट सोडून, एक मध्यात, आणि गरम लागतंय तिथे चारही बाजूंनी हातभर अंतरावर. आकडे वहीत लिही. परवा पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी.

अंतर हातभर का, तर धान्य घोंगडीसारखं असतं. एका ठिकाणी चाळीस अंश असले तरी तीन-चार फुटांवरच्या पाइपला महिनाभर पत्ता लागत नाही.

निफाडचा_बाळासाहेब (१०:३५)

काका, पण चौदाच्या आत मॉइश्चर असताना तापेलच कसा? आम्ही दरवर्षी ठेवतो.

जुना_गोदामवाला (१०:५२)

बाळासाहेब, १३.५ हा ओंजळभर मक्याचा आकडा आहे, शंभर क्विंटलचा नाही. चार ट्रॉल्यांतली एक ओली असली आणि नमुना दुसऱ्या ट्रॉलीतून घेतला, तर मीटरचा काय दोष? शिवाय उन्हातून नुकताच उचललेला दाणा वरून सुका आणि आतून ओला असतो, मीटर कमी दाखवतो. तोच दाणा रात्रभर बंद डब्यात ठेवून सकाळी मोजा, कधी एक टक्का वर निघतो.

दुसरं, सुकं धान्यही तापतं, किड्यामुळे. मी १२ टक्क्यांचा गहू सोंड्यांमुळे तापलेला पाहिलाय. फरक असा की किड्याची गरमी चाळीस-बेचाळीसच्या पुढे जात नाही, तिथे किडाच पळतो किंवा मरतो. बुरशीची गरमी त्याच्या पुढे साठीपर्यंत जाऊ शकते.

डबेवाली_गंगापूररोड (१३ डिसेंबर, सकाळी ७:१५)

माझा प्रश्न छोटा आहे, चालेल ना? आम्ही दर मे महिन्यात वर्षाचे गहू घेतो, कडक उन्हात वाळवतो, एरंडेल चोळून पत्र्याच्या कोठीत भरतो. यंदा झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले आणि वरचा वीतभर गहू चिकटून त्याची ढेप झाली. खालचा गहू ठणठणीत. पाणी आलं कुठून? कोठी तर घरात असते.

जुना_गोदामवाला (७:४०)

ताई, उन्हातून काढून गरम गरमच भरलेत ना? गरम गव्हातली हवा ओल घेऊन वर चढते आणि गार झाकणाला लागून पाणी होते. पाणी बाहेरून आलं नाही, गव्हातलंच एका जागी गोळा झालं. वाळवलेले गहू रात्रभर पसरून गार होऊ द्या आणि पहाटे भरा. वैशालीच्या पत्र्याखालीसुद्धा हेच होऊ शकतं, म्हणून ढिगाचा माथा मध्यभागी चाचपायला हवा, कडक पापुद्रा लागतो का बघायला.

आजोळ_मंगळवेढा (८:०५)

आमच्याकडे मात्र आजी म्हणायची की गरम भरलेल्या धान्याला कीड लागत नाही.

जुना_गोदामवाला (८:२२)

उन्हात पातळ पसरलेलं धान्य पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत पोचलं तर किडे आणि अंडी मरतात, आजीचं तेवढं खरं. पण मेलेला किडा उन्हात मेला, कोठीत नाही. मारून झालं की गार करून भरायला काय हरकत?

आजोळ_मंगळवेढा (८:४८)

पटलं. आजोळी ज्वारी साठवायची जमिनीखालची पेवं होती, त्यांची आठवण झाली. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचे. मग कंदील दोरीने आत सोडायचे, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. गावात एकजण उतरला तो वर आलाच नाही, असं आई सांगते. ज्वारी आतली हवा "खाते" असं जुनी माणसं म्हणायची. मला लहानपणी ती भुताची गोष्ट वाटायची.

सूक्ष्मजीव_शिक्षिका (१०:३०)

ती भुताची गोष्ट नाही, आणि वैशालीताईंच्या कोपऱ्यात जे चाललंय तेच आहे. मी नाशिकला कॉलेजात शिकवते, शेती माझी नाही, तेव्हा ढिगाबद्दल काकांचं ऐका. आत काय घडतं एवढंच मी सांगते.

दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. त्याच्यावरची बुरशीही घेते, आणि ओल मिळाली की दाण्यापेक्षा कितीतरी जोरात घेते. श्वास म्हणजे स्टार्च जाळणं. एक किलो स्टार्च जळला की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी तयार होतं, सोबत कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता. पेवात तो वायू कोंडून राहायचा. ढिगात वायू निघून जातो, पण पाणी आणि उष्णता तिथेच अडकतात.

म्हणजे एका क्विंटलमधला एक किलो मका असा जळला, तर त्या क्विंटलला अर्धा लिटर पाणी आतल्या आत मिळालं, मॉइश्चर साधारण अर्ध्या टक्क्याने वर. वाढलेल्या ओलीत बुरशी आणखी जोरात, आणखी पाणी. म्हणून हे आपोआप थांबत नाही. बाहेरची थंडी त्या जागेपर्यंत पोचतच नाही, बाळासाहेब.

निफाडचा_बाळासाहेब (११:१०)

हे समजलं. पण मग ढीग फावड्याने खालीवर केला की झालं ना? आम्ही तसंच करतो. गरमी निघून जाते.

सूक्ष्मजीव_शिक्षिका (११:२५)

गरमी जाते. पण बुरशी आणि ओल शंभर क्विंटलभर वाटली जाते.

सिन्नर_ट्रेडर (दुपारी १:०५)

गोळ्या टाका. गॅसच्या. दहा-पंधरा टाकल्या की आठ दिवसांत साफ.

जुना_गोदामवाला (१:१२)

वैशाली, हे अजिबात करू नकोस. तो फॉस्फिन गॅस किडा मारतो, बुरशीला आणि ओलीला त्याचं काही नाही. तुझ्याकडे किडा दिसलेलाच नाही. आणि खोली घराला लागून आहे. तो गॅस दाराच्या फटीतून, पत्र्याच्या खालून माणसं झोपलेल्या खोलीत येतो, झोपेत माणसं गेलेली आहेत. आमच्याकडे हे काम प्रशिक्षित माणूस करायचा, थप्पीवर जाड कव्हर घालून, कडेने वाळू भरलेल्या लांबट पिशव्या ठेवून, आणि गोदामात कुणी राहत नसे.

सिन्नर_ट्रेडर (१:३०)

काका, घराला लागून आहे हे मी वाचलं नव्हतं. शब्द मागे घेतो.

रानातली_वैशाली (रात्री ८:४५)

पाइप, थर्मामीटर सगळं आणलं. आज संध्याकाळी सहाचे आकडे: दाराकडचे दोन कोपरे १९ आणि २०. मागचा उजवा कोपरा १९.५. मध्यात २४. मागचा डावा कोपरा ३३. त्याच्यापासून हातभर अलीकडे २६, दुसऱ्या बाजूला २५.

माथ्यावर पापुद्रा नाही. त्या कोपऱ्यातला किलोभर मका चाळला, एकही सोंडा नाही. पण मूठ नाकाशी नेली तर किंचित कुबट.

जुना_गोदामवाला (९:००)

मध्यातले २४ ही मळणीची गरमी, ती उतरेल. ३३ आणि किडा नाही आणि कुबट वास, म्हणजे बुरशी. परवाची वाट बघायची तर बघ, पण माझं मत उद्याच उघड. चढतंय की नाही एवढं सिद्ध करायला दोन दिवस घालवायचे कशाला?

निफाडचा_बाळासाहेब (९:१५)

मी म्हणतो परवाचा आकडा घ्यावाच. मजूर लावून अर्धी खोली रिकामी करायची तर खात्री नको का?

रानातली_वैशाली (१५ डिसेंबर, रात्री ८:२०)

मजूरच आज मिळाले, त्यामुळे बाळासाहेबांच्या मनासारखं झालं. उघडण्याआधी सकाळी मोजलं. वेळ सहाची नव्हती, तरी सांगते: दाराकडे १९, मध्यात २३.५, मागचा कोपरा ३६.

मग उकरलं. वरचा फूटभर स्वच्छ. त्याखाली दाण्यांच्या आधी हाताला लागला तो भुसा. बुरकंडाचे तुकडे, फुटके दाणे, पीठ, सगळं तिथेच. आणि तेव्हा आठवलं. शेवटची ट्रॉली मागच्या खिडकीतून ओतली होती, आणि ती खालच्या वावरातली होती, जिथे शेवटच्या आठवड्यात पाऊस पडून पाणी साचलं होतं. मीटरवर नेलेला नमुना पहिल्या ट्रॉलीतला होता.

तळाला दाण्याच्या कोंबाच्या टोकाशी निळसर हिरवी बुरशी. मूठभर दाणे एकमेकांना चिकटलेले. शेजारच्या गावातल्या ओळखीच्या मीटरवर तिथलं मॉइश्चर १७.६, मध्यातलं १३.२.

जुना_गोदामवाला (८:४०)

खिडकीतून ओतलं हेच उत्तर आहे. वरून एकाच जागी धान्य पडलं की भरला दाणा गडगडत कडेला जातो आणि बारीक फुटकं, भुसा जिथल्या तिथे खाली बसतो. तिथे हवा खेळत नाही. फुटक्या दाण्याला साल नसते, बुरशीला दार उघडंच. आमच्याकडे नमुना काढायची परखी घालताना जिथे चुरा जास्त येई, तिथे आम्ही थर्मामीटर आधी घालायचो. त्यात तुझी ओली ट्रॉली नेमकी तिथेच.

आता सगळ्या मक्याचे तीन भाग समज. दिसायला बुरशी आहे ते वेगळं. त्याच्या भोवतीचं हातभर, दिसायला चांगलं असलं तरी वेगळं. बाकी ढिगाला हात लावू नकोस. दुसरा भाग ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीने पसर, तासातासाला पावलांनी सरी पाडून उलट. दुपारी चारला गोळा करून झाकू नकोस, गरम असतो. संध्याकाळी पसरलेलाच गार होऊ दे, मग दव पडायच्या आत झाक. आपल्याकडे डिसेंबरचं दव फार जड असतं.

देवळाली_गोठा (९:०५)

बुरशीवाला मका फेकू नका ताई, म्हशींना घाला. भिजवून उकडून घातला की काही होत नाही.

सूक्ष्मजीव_शिक्षिका (९:१८)

कृपया नको. त्या हिरवट बुरशीत अफलाटॉक्सिन असू शकतं. ते उकडून जात नाही, भाजूनही पूर्ण जात नाही, आणि म्हशीच्या दुधात उतरतं. ते दूध आपलीच मुलं पितात. कोंबड्यांनाही नको, त्यांचं यकृत आधी जातं.

देवळाली_गोठा (९:५०)

दुधात उतरतं हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घालतात. घरी बोलतो.

कांदेवाला_चांदवड (१०:१०)

मी पहिल्यांदा चुकीचं उत्तर दिलं, पण आता एक विचारतो. डिसेंबरात माझी कांदाचाळ रिकामी असते. उन्हाळ कांदा संपलेला, नवा यायला एप्रिल. मळणी न करता मक्याची कणसंच चाळीत भरली तर? खालून हवा, दोन्ही बाजूंनी हवा.

जुना_गोदामवाला (१०:३०)

फार चांगला विचार आहे. कणसं सोलून अशा जाळीच्या अरुंद पिंजऱ्यात वाळवायची पद्धत आहेच. कणसांमध्ये मोठ्या फटी असतात, दाण्यांच्या ढिगात तेवढ्या नसतात, म्हणून ओलं कणीस तिथे तापत नाही, सावकाश वाळतं. चाळीचा कप्पा चार-पाच फूट रुंद असतो, आपल्या कोरड्या हिवाळ्यात चालावा असं वाटतं. अडचण उंदरांची.

कांदेवाला_चांदवड (१०:४२)

आणि सडक्या कांद्याचा जुना कचरा आधी झाडून काढावा लागेल. पुढच्या साली पंचवीस क्विंटलची कणसं घालून बघतो. तुमच्यासारखा पाइप घालून आकडे इथेच टाकतो.

सिन्नर_ट्रेडर (१६ डिसेंबर, सकाळी ९:००)

ताई, विकताना एक सांगतो, खरेदी करणारा म्हणून. वाळवलेला भाग चांगल्या ढिगात मिसळू नका. पोल्ट्री खाद्यवाले पोत्यात परखी मारून वास घेतात, एका पोत्यात कुबट आलं तर पूर्ण गाडी परत येते. वेगळा विका, कमी भाव मिळेल, पण नव्वद क्विंटलचा भाव शाबूत राहील.

रानातली_वैशाली (२१ डिसेंबर, रात्री ९:३०)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. एकूण नऊ क्विंटल काढला. दोन क्विंटल बुरशीचा, तो खड्ड्यात शेणाबरोबर टाकला. सात क्विंटल तीन दिवस वाळवला. चौथ्या दिवशी सकाळी, रात्रभर डब्यात ठेवलेल्या दाण्यांचं मॉइश्चर १२.९ आलं. काकांचा डब्याचा सल्ला नसता तर दुसऱ्याच दिवशी थांबलो असतो, कारण तेव्हा दुपारी उन्हातल्या दाण्यांवर मीटर १२.८ म्हणत होता आणि त्याच दाण्यांनी सकाळी १३.९ दाखवलं.

उरलेल्या ढिगाचे आजचे आकडे: दाराकडे १८, मध्यात २२. रिकाम्या कोपऱ्याच्या कडेला २१.

एक शंका मात्र सुटली नाही. तो कोपरा रिकामा झाल्यावर भिंतीचा खालचा हातभर भाग गार आणि जरा काळपट दिसतोय. सासूबाई म्हणतात, ती जुनी ओल आहे. मिस्टर म्हणतात, मक्याचीच वाफ तिथे बसली. ट्रॉली ओली होती हे नक्की, पण भिंतही पाणी देत होती का?

जुना_गोदामवाला (९:५०)

प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा त्या भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि तीन दिवस ठेव. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आले तर ती खोलीतल्या हवेची. तोवर तो कोपरा रिकामाच राहू दे.

रानातली_वैशाली (९:५५)

लावते उद्या. पाइप अजून मध्यातच ठेवलाय, सासूबाई रोज सकाळी कोंबड्यांचा मका काढताना आकडा बघतात आणि वहीत लिहितात.